अठराशेची ओळ

॥ श्री ॥
बेल्लमपल्ली,
सोमवार, ता. २२ सप्टेंबर १९९७

ती. अक्कास,
धाकट्या नागोचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे मनातल्या मनात. गुडघे आता ऐकत नाईत. बाकी इकडं सगळे ठीक आहेत. तुझं दुखणं कसं आहे? चंपतरावाचा कापूस यंदा बरा आहे असं जैनथकडून आलेल्या एका माणसानं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. तुझ्या नवऱ्याचा पुतण्या असूनही त्यानं तुले आईसारखं ठेवलं, हे मी विसरलो नाई.

राखीले पाठवलेले एकावन्न रुपये यंदाही परत आले. पोस्टमन आता मले काही विचारत नाई. ओट्यावर नोटा ठेवते, सही घेते नि जाते. मी दरवर्षी पाठवतो, तू दरवर्षी परत करते. या वर्षी म्हटलं पत्र लिहावं. बारा वर्षांत लिहिलं नाई, तर काय लिहू हेच सुचून नाई राह्यलं. म्हून घरचंच लिहितो.

दुकान बंद करून दोन वर्षं झाली. गाळा एका पोराले एसटीडी बूथसाठी भाड्यानं दिला. जिथं आपली गुळाची भेली राहे तिथं आता काचेची पेटी आहे, नि लोक तिच्यात शिरून ओरडतात. पोरगा सुधाकर खाणीच्या ऑफिसात आहे, पगार वेळेवर येते. माझी भागाबाई जाऊन तीन वर्षं होतील. मी सकाळी उठतो, चहा घेतो, नि सवयीनं वही काढतो. दूध साडेसहा, मेथीची जुडी दीड, पेपर दोन. एवढंच. रोजचा हिशेब चार ओळींत संपते, मग दिवस उरते तो कशानं भरावा ते समजत नाई.

तू गेली तेव्हा रुख्मिणी सात वर्षांची होती. सुधाकरची मोठी पोरगी. आता एकोणीसची झाली. पॅसेंजरनं मंचेरियलले जाते, तिथं कॉम्प्युटर शिकून राह्यली. तिच्या केशवराव मास्तरनं सांगितलं की परीक्षेसाठी खोटे आकडे नका आणू, कोण्या दुकानाचा खरा हिशेब आणा. पोरगी घरी आली ती थेट माझ्या खाटेवर.

"आबाजी, तुमच्या वह्या द्या."

"काऊन? रद्दीत घालतं का?"

"नाई. कॉम्प्युटरात घालतो."

तिची शाळा तेलुगूत झाली. माझं मराठी अक्षर, त्यात दुकानदाराचं, तिले वाचता येत नव्हतं. म्हून दर रविवारी मी तिच्यासंगं मंचेरियलले जाऊन राह्यलो. मी वाचतो, ती टाइप करते. खोलीत पंखा आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात. देवळात नि तिथं, दोनच ठिकाणी.

मशीनमधल्या वहीले ते लोक स्प्रेडशीट म्हणतात. आपल्या रोजमेळासारखंच असते गं. आडव्या-उभ्या रेघांची चौकटीची वही समज. पहिल्या खान्यात तारीख, दुसऱ्यात तपशील, तिसऱ्यात जमा, चौथ्यात नावे, पाचव्यात बाकी. आपण जमा डाव्या पानावर नि नावे उजव्या पानावर लिहितो, तिथं दोन्ही एकाच ओळीत. पण खरी गंमत बाकीच्या खान्यात आहे. तिथं आकडा लिहायचाच नाई. लिहायचं की वरची बाकी घे, त्यात ही जमा मिळव, हे नावे वजा कर. एका घरात लिहिलं नि खाली ओढलं, की शंभर ओळींची बाकी डोळ्यांदेखत भरते. मी आयुष्यभर दिवे लागल्यावर ते करत बसलो.

चुकाही झाल्या. पहिल्या रविवारी मी सवयीनं आकड्यापुढं रेघ नि टिंब सांगत होतो, एकशे पंचवीसच्या पुढं काढतो ना आपण, कोणी मागून आकडा वाढवू नये म्हून. पोरीनं इमानदारीनं तेही टाइप केलं. तर मशीन म्हणते हा आकडाच नाई, हे अक्षर आहे! त्या ओळीपासून खाली बाकीच्या खान्यात सगळीकडं इंग्रजीत चुकीची खूण. पोरगी घाबरली. मास्तरनं दाखवलं की खरा आकडा घराच्या उजव्या कडेले चिकटते नि अक्षर डाव्या. डाव्या कडेचे शोधून शोधून दुरुस्त केले. तारखांचंही तसंच. पाच मार्च आकड्यांत लिहिलं तर मशीन तिले तीन मे समजे, अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणे. आता महिना अक्षरात लिहितो.

माझा आवाज दुपारपर्यंत बसते. पण बरं वाटते. कोणीतरी माझं वाचलेलं लिहून घेते.

सगळ्या वह्या मी नाई दिल्या. ८४-८५ ची आपल्या बापूजींच्या लोखंडी पेटीत ठेवली. पोरीले सांगितलं की तिले वाळवी लागली.

तब्येतीले जप.

तुझा,
नागो


॥ श्री ॥
बेल्लमपल्ली,
सोमवार, ता. १३ ऑक्टोबर १९९७

ती. अक्कास,
नागोचा नमस्कार. दसऱ्याचं सोनं या पाकिटात घातलं आहे, दोनच पानं आहेत, चुरा झाली असतील.

मागचं पत्र परत नाई आलं. त्यावर मी किती आशा लावली ते तुले सांगून काय करू.

आज जे लिहून राह्यलो ते लिहायले तीन दिवस लागले. रुख्मिणीनं पेटी उघडली. उगाच नाई, घट बसायच्या आधी पेटी पुसायची असते म्हून. तिथं तिले ८४-८५ ची वही सापडली, कोरडी ठणठणीत. पोरीनं मले न सांगता वही उचलली, सुट्ट्यांत रोज दुपारी मास्तरकडं बसली नि एकटीनं सगळं साल टाइप केलं. आता तिले माझं अक्षर येते. मीच शिकवलं.

परवा ती कागदाची चळत घेऊन आली, कडेले भोकं असलेला लांब कागद. खाटेवर पसरला.

"आबाजी, हिशेब जुळून नाई राह्यला."

"टाइप करताना चुकलं असशील."

"दोनदा तपासलं. वहीपेक्षा माझी बाकी अठराशेनं कमी येते. नि ही ओळ काय आहे?" तिनं बोट ठेवलं. लक्ष्मीपूजनाची तारीख, १२ नोव्हेंबर ८५. तपशील, 'अक्काच्या हातून तूट'. नावे, एक हजार आठशे.

अक्का, ती ओळ मी लिहिली होती हे तुले ठाऊक नसेल. तुले फक्त किल्ल्यांचं ठाऊक आहे.

बापूजींचा नेम तू मले शिकवला होता. गल्ल्यातले पैसे रोज लोखंडी पेटीत टाकायचे, पाहिजे तेव्हा काढायचे, वहीत लिहायचे. पण पेटी पुरी मोजायची ती वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाले. मधी मोजली तर लक्ष्मी रुसते. पेटीच्या किल्ल्या घरातल्या मोठ्या बाईच्या पदराले. आई गेल्यावर त्या तुझ्या पदराले आल्या, नि तू विधवा होऊन घरी आली तेव्हापासून तीस वर्षं तिथंच होत्या. त्या साली पेटी मोजली नि वहीपेक्षा अठराशे कमी निघाले.

आता पोरीनं काय केलं ते ऐक. तिनं बाकीच्या बाजूले आणखी एक खाना काढला, त्यात माझ्या वहीतली रोज संध्याकाळची बाकी जशीच्या तशी टाइप केली. मग त्याच्याही बाजूले एक खाना, दोन्ही बाक्यांतला फरक. जुळलं तर शून्य. मले ओळीनं दाखवलं. कार्तिकात शून्य. पौषात शून्य. होळीले शून्य. अक्षय तृतीयेले शून्य. अधिक श्रावण गेला, निज श्रावण आला, शून्य. मग ९ सप्टेंबर, पोळ्याच्या आधीचा सोमवार, तिथं फरकाच्या खान्यात एक हजार आठशे. नि तिथून खाली शेवटच्या ओळीपर्यंत तेच, अठराशे, अठराशे, अठराशे. एक दिवसही कमी-जास्त नाई.

कोणी पैसे नेत असते तर फरक पेटीत राह्यला असता, वहीच्या बेरजेत नाई. ही चूक लिहिण्यातली आहे. पोरीनं वही उघडली. त्या सोमवारी पान संपत होतं. खाली बाकी लिहिली आहे चार हजार सहाशे वीस. पान उलटलं, वर 'मागील पानाची बाकी' लिहिली, सहा हजार चारशे वीस. चार नि सहाची जागा बदलली. पगाराचा आठवडा होता, खाणीवरचे लोक ओट्यापर्यंत उभे होते. पेटीत पैसे पुरे होते, अक्का. वहीत अठराशे जास्त लिहिले गेले होते. मशीनच्या तक्त्यात पानच नसते ना, एकच लांब पान खाली खाली जाते, म्हून तिथं ही चूक होतच नाई.

ती 'अक्काच्या हातून' वाली एक ओळ काढली तर मशीनची बाकी नि त्या रात्री मोजलेले पैसे रुपयाले रुपया जुळतात.

बारा वर्षांनी हे आत्ता कळलं गं. पोरीच्या मशीननं काढून दिलं. कळल्यावर लगेच लिहून राह्यलो. माझं चुकलं. दिवाळीले ये. पेटी तुझ्या हातानं उघड.

तुझा,
नागो


॥ श्री ॥
बेल्लमपल्ली,
शनिवार, ता. २५ ऑक्टोबर १९९७

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. अक्षर चंपतरावाच्या पोरीचं दिसते, बोलणं तुझंच आहे. पूर्ण कार्डावर एकच ओळ, 'नागो, तुले हे आत्ता कळलं?'

मी ते कार्ड दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. भाजीवालीले पैसे देताना दोनदा तेच बाहेर आलं. तू मले लहानपणी मांडीवर घेऊन पाढे शिकवले, तुझ्यापाशी खोटं बोललो की तू रागवत नसे, फक्त पुन्हा विचारे. अजूनही तसंच.

नाई, अक्का. मले आत्ता नाई कळलं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

मले आठ वर्षांपासून ठाऊक आहे. १९८९ च्या उन्हाळ्यात. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी जुन्या वह्यांची धूळ झाडत होतो. अठराशेचा आकडा डोळ्यापुढं आला नि सहज नवानं भागला. बापूजींनी आपल्या दोघांले शिकवलं होतं ना, फरकाले नवानं भाग गेला की समजायचं आकड्यांची जागा बदलली, पैसे शोधू नका, पान शोधा. भाग गेला. नऊ दुणे अठरा! दुसरी-तिसरीच्या पोराले येते. मी पानं उलटली, पंधरा मिनिटांत सापडलं. पेन्सिलीनं त्या आकड्याभोवती गोल काढला, वही मिटली नि पेटीत टाकली.

रुख्मिणीनं तो गोल पाह्यला. तिनं मागल्याच वेळी विचारलं होतं, "आबाजी, ही पेन्सिल कोणाची?" मी म्हटलं मले आठवत नाई. त्या दिवसापासून ती माझ्या खाटेवर येऊन बसत नाई. जेवायले वाढते, पाणी ठेवते, बोलत नाई. रविवारी आगगाडीत माझ्यासमोर बसली तरी खिडकीबाहेर पाहे. एकदा फक्त म्हणाली, "मी कॉम्प्युटरनं शोधलं म्हून मास्तरले सांगत होती. तुमी तर आधीच शोधून ठेवलं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्यापुढं मी एवढा लहान कधी झालो नव्हतो.

तू विचारशील, ८९ मधी काऊन नाई सांगितलं? मी स्वतःले किती कारणं दिली ते ऐक. सुधाकरच्या नोकरीचं चालू होतं. भागाबाई आजारी होती. दिवाळी आली की सांगू, राखी आली की सांगू. सगळं खोटं. खरं एवढंच की बाजारात लोक म्हणत, नागोरावाची वही कधी चुकत नाई. ती वही चुकली होती नि मी तिच्यापायी बहीण घराबाहेर काढली होती. हे कोणाले कळू नये असं मले वाटे. मनीऑर्डर पाठवायची नि परत आली की मनात म्हणायचं, मी तर देतो, तीच घेत नाई. लाज वाटते लिहायले.

नि ८५ मधी नवानं भागायचं काऊन नाई सुचलं, हे त्याहून वाईट आहे. मी चूक शोधलीच नाई. पेटीत कमी निघाले नि मी थेट तुझ्या पदराकडं पाह्यलं. त्या श्रावणात तू जैनथच्या देवळाले पाचशे दिले होते, तुझ्या नवऱ्याच्या जमिनीचे, मले सांगून. ते मले आठवलं. भागाबाई समोर होती, सुधाकर होता, सुनेच्या मांडीवर रुख्मिणी पेंगत होती. मी तुले चोर म्हटलं नाई. मी एवढंच म्हटलं, "अक्का, किल्ल्या दे." तू पदराची गाठ सोडली, किल्ल्या पाटावर ठेवल्या नि पूजेचं ताट पुढं सरकवलं. तुळशीचं लग्न झालं नि तू जैनथच्या बसमधी बसली. मी आजवर सगळ्यांले सांगत आलो, मी तर काही बोललोच नाई, तीच रागानं गेली.

घरात तेव्हापासून कोणी तुझं नाव घेतलं की पुढं एक क्षण सगळे गप्प होतात. तो गप्पपणा माझा आहे. आज तो मी मोडला. सकाळी सुधाकरले, सुनेले नि रुख्मिणीले समोर बसवून वही उघडली, दोन्ही पानं दाखवली, पेन्सिलीचा गोल दाखवला, कधी काढला ते सांगितलं. सुधाकर उठून अंगणात गेला. आल्यावर म्हणाला, "मी लहानपणापासून तिच्या हातचं जेवलो, नि मी खरं मानलं होतं, बापू." तोही रडला, मीही रडलो. माझं रडू कोणी पुसलं नाई, ते बरंच झालं.

मग रुख्मिणीले म्हटलं, मले मंचेरियलले ने. आज शनिवार, मास्तरनं दुपारी बसू दिलं. तिनं फ्लॉपी घातली, तक्ता उघडला, खाली त्या ओळीवर गेली. मागं एकदा मी तिले म्हटलं होतं, ही ओळ तू गपचूप काढून टाक, म्हणजे मशीनचं जुळेल, मास्तरही काही विचारणार नाई. तेव्हा तिनं साफ नाई म्हटलं होतं. आज ती खुर्चीवरून उठली नि मले बसवलं.

"त्या आकड्यावर चौकट आली ना? आता ही कळ दाबा. तुमीच दाबा."

दाबलं. अठराशे गेले, नि त्या ओळीतला बाकीच्या खान्यातला आकडा एका दमात बदलला. लक्ष्मीपूजनाची बाकी मोजलेल्या पैशाएवढी झाली. फरकाच्या खान्यात मात्र माझ्या वहीचे अठराशे तसेच होते, पोळ्याच्या सोमवारपासून लक्ष्मीपूजनापर्यंत. रुख्मिणी म्हणाली ते पुसायचे नाईत, तिथं तुमची वही कुठं चुकली ते दिसू द्या. मी हो म्हटलं. मग तिनं तपशिलाच्या खान्यातलं तुझं नाव काढून तिथं लिहिलं, 'तूट नव्हती'. तेलुगू शाळेची पोरगी, इंग्रजी अक्षरात मराठी लिहिते, पण बरोबर लिहिलं.

कागदाच्या वहीत कळ नसते. तिथं खरवडून काढायचं नाई, बापूजींचा नेम. मी त्या ओळीवर लाल शाईची एक रेघ ओढली, बाजूले आजची तारीख घातली नि सही केली. आधीचं खाली वाचता येते. येऊ दे.

हे पत्र तू एकटीनं नको ऐकू. चंपतरावाच्या पोरीले सांग, अंगणात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. जैनथमधी ज्यांनी ज्यांनी तुले भाऊ काऊन नेत नाई म्हून विचारलं असेल त्यांले बोलाव. माझं नाव गाळू नको.

सोमवारी रुख्मिणी बसनं तुझ्याकडं येईल. तिच्यापाशी वही आहे, मशीनवरचा कागद आहे नि पेटीच्या किल्ल्या आहेत. किल्ल्या तू ठेव. दिवाळीले यायचं की नाई ते तू ठरव, मी आता बोलावत नाई, तो हक्क माझा नाई राह्यला. पण यंदाच्या लक्ष्मीपूजनाले मी पेटी मोजणार नाई. तुझ्याशिवाय ती उघडणारही नाई, किल्ल्याच तुझ्यापाशी असतील. आत जुन्या वह्या नि थोडे पैसे आहेत, ते राहतील तसेच.

थकलो अक्का. मंचेरियलहून आल्यापासून बसलो, एवढं लिहायले मले रात्र झाली. पोरगी आत्ता येऊन माझ्या खाटेवर बसली आहे, पाकिटावर पत्ता तीच लिहिणार म्हणते.

चुकीची बाकी बारा वर्षं पानावरून पानावर पुढं नेलेला,
तुझा धाकटा भाऊ
नागो